सत्तेचाळीस बरोबर होतं

आमच्या डेटा स्ट्रक्चरच्या सरांची एक पद्धत होती. टेस्ट संपली की कॉप्या, म्हणजे उत्तरपत्रिका, ते गोळा करायचे नाहीत. प्रत्येक रांगेने आपल्या कॉप्या मागच्या रांगेला द्यायच्या, शेवटच्या रांगेने पहिल्या रांगेला. मग सर फळ्यावर उत्तरं लिहायचे आणि आम्ही एकमेकांच्या कॉप्या लाल पेनने तपासायचो. तपासून झालं की शेवटच्या पानावर तपासणाऱ्याने रोल नंबर घालून सही करायची. सर म्हणायचे, दुसऱ्याची चूक शोधताना माणूस स्वतः शिकतो. सर हिंदीतच बोलायचे. मी इथे त्यांचं बोलणं मराठीत लिहिते आहे.

मला ही पद्धत आवडायची नाही. कुणाला चूक म्हणायचं तर आपल्याला बरोबर काय ते ठाऊक असायला हवं, आणि मला कशाचीच तेवढी खात्री नसायची. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेलं कुणी नव्हतं. बाबा उरला नावाच्या गावातल्या कारखान्यात, आई घरी. कॉलेजमध्ये काय चालतं ते त्यांनी मला विचारायचं आणि मी काहीतरी सांगायचं, असं होतं. वर्गात हात वर करून काही विचारायचं तर माझा हात बाकावरून उचललाच जायचा नाही.

त्या दिवशी दुसरी टेस्ट होती. वीस मार्कांची, पास व्हायला आठ हवेत. तीनपैकी दोन टेस्ट पास नसतील तर त्या विषयाच्या परीक्षेचा फॉर्मच भरता येत नाही, आणि तो विषय पुन्हा पुढच्या वर्षी. मी पहिली टेस्ट पास होते. माझ्या पुढच्या बाकावर बसणारी माझी मैत्रीण नापास होती, आणि तिसऱ्या टेस्टमध्ये ‘ट्री’चा, म्हणजे झाडासारख्या फांद्या फुटणाऱ्या रचनांचा, अख्खा धडा येणार होता, ज्याला ती आधीपासून घाबरून होती. म्हणजे ही टेस्ट तिची निघायलाच हवी होती.

ती अभनपूरहून रोज बसने यायची. तिचं घर पिढ्यान्‌पिढ्या इकडच्या हिंदी मुलखातलं, घरची मराठी तिला कळायची सगळी, पण बोलायला लागली की दोन वाक्यांनंतर गाडी हिंदीवर. मी मराठीत विचारायचं, तिने अर्धं हिंदीत उत्तर द्यायचं. माझी मराठी विदर्भातली, तिला त्याचं हसू यायचं. “तू ‘मले’ म्हणते ना, तो मुझे मेरी नानी याद आती है,” असं म्हणायची.

शेवटचा प्रश्न नऊ मार्कांचा होता. एक पोस्टफिक्स पदावली दिली होती आणि ती स्टॅक वापरून सोडवायची होती, प्रत्येक पायरीनंतर स्टॅकमध्ये काय उरलं ते तक्त्यात लिहून. पोस्टफिक्स म्हणजे चिन्ह दोन संख्यांच्या मध्ये नाही, त्यांच्या नंतर. पदावली अशी होती:

९ ३ − ८ १ − × ५ +

करायचं सोपं असतं. डावीकडून वाचत जायचं. संख्या आली की स्टॅकवर ठेवायची, एकावर एक. चिन्ह आलं की वरच्या दोन संख्या काढायच्या, त्यांच्यावर ते चिन्ह चालवायचं आणि आलेलं उत्तर पुन्हा वर ठेवायचं. शेवटी स्टॅकमध्ये एकच संख्या उरते, तेच उत्तर. नऊ खुणा, नऊ ओळी, नऊ मार्क.

मी असे बरेच प्रश्न सोडवले होते. बहुतेक अधिक आणि गुणाकाराचे. त्यात माझी एक सवय पडून गेली होती: स्टॅकमधून जी संख्या आधी हातात येते ती आधी लिहायची, मग चिन्ह, मग दुसरी. तसंच मी इथे केलं. नऊ ठेवला, त्यावर तीन ठेवला. वजा आलं. आधी तीन निघाला, मग नऊ. तीन वजा नऊ, उणे सहा. तो ठेवला. मग आठ, मग एक. वजा आलं. एक निघाला, आठ निघाला. एक वजा आठ, उणे सात. आता स्टॅकमध्ये उणे सहा आणि उणे सात. गुणाकार आला: बेचाळीस. पाच ठेवला, अधिक केलं: सत्तेचाळीस.

सरांनी फळ्यावर उत्तर लिहिलं: ४७.

मला इतका आनंद झाला की मी पेन खाली ठेवून दिलं. मागच्या बाकावरच्या मुलाने माझी कॉपी तपासली होती. त्याने सत्तेचाळीसला मोठा गोल काढला, शेजारी नऊ लिहिलं, आणि कॉपी हलवत म्हणाला, “दीदी, फुल. पार्टी दो.” बाकीच्या प्रश्नांत पाच होते. चौदा. पहिल्यांदा माझे चौदा आले होते.

मग मी समोरची कॉपी बघायला घेतली. मैत्रिणीची.

तिच्या तक्त्याच्या शेवटी त्रेपन्न होते. उत्तर चुकलेलं. सरांचा नियम होता की उत्तर जुळलं तर सगळे मार्क द्या, नाही जुळलं तर एक एक ओळ बघा, प्रत्येक बरोबर ओळीला एक, आणि पहिली चूक दिसली की तिथे थांबा. मी माझी कॉपी आठवत तिच्या ओळी बघायला लागले. पहिली ओळ, नऊ. बरोबर. दुसरी ओळ, नऊ तीन. बरोबर. तिसऱ्या ओळीत तिने लिहिलं होतं: सहा.

माझं तर उणे सहा होतं. आणि माझं उत्तर फळ्याशी जुळलं होतं.

मी क्षणभर थांबले. खरंच थांबले, आज उगाच म्हणत नाही. नऊ, तीन, वजा, सहा: बघायला किती साधं दिसत होतं. सरांना विचारावं असंही वाटलं. सर दाराशी कुणाशी तरी बोलत होते. चौदा मार्क मिळालेल्या मुलीने उठून असा बाळबोध प्रश्न कसा विचारायचा? मी तिसऱ्या ओळीवर फुली मारली, नऊपैकी दोन लिहिले, रोल नंबर टाकला, सही केली. तिचे बाकीचे चार. एकूण सहा.

तिने मान मागे वळवली. “किती?”

“सहा.”

तिने कॉपीसाठी हात पुढे केला. मग म्हणाली, “नीट पाहिलं ना तू?”

“हो,” मी म्हणाले.

तिने कॉपी घेतली, शेवटचं त्रेपन्न बघितलं, फळ्यावरचं सत्तेचाळीस बघितलं आणि कॉपी मिटली. उत्तर चुकलं म्हणजे चुकलं, तिने वरच्या ओळी बघितल्याच नाहीत. सरांनी कॉप्या गोळा केल्या आणि सांगितलं, ज्याला आपल्या कॉपीबद्दल काही म्हणायचं असेल त्याने उद्या बारापर्यंत यावं. बारा वाजता यादी ऑफिसात जाईल, मग पोर्टलवर चढेल, मग माझ्याही हातात काही नाही, असं सर म्हणाले.

मी दप्तर भरेपर्यंत ती निघून गेली होती. नेहमी आम्ही बसथांब्यापर्यंत बरोबर जायचो.

बीरगावला घरी आले तेव्हा आईने दारातच विचारलं, “पास झाली का वं?” मी चौदा सांगितले. आईने शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात ते परत म्हटलं. मी आत जाऊन बसले. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी उठत होते, पाणी पीत होते, परत बसत होते. तिच्या तिसऱ्या ओळीतला तो सहा डोळ्यांपुढून जात नव्हता.

शेवटी मी प्रॅक्टिकलची फाइल काढली. त्या फाइलमध्ये आमच्या वर्गातले सगळे जण प्रोग्राम हाताने उतरवून काढतात. कुणाची तरी आधीच्या वर्षाची फाइल असते, ती फिरते, आणि आम्ही ओळ न्‌ ओळ लिहितो, रेघा मारतो, पान सजवतो. वाचत कुणी नाही. मीही नव्हतं वाचलं. पोस्टफिक्सचा प्रोग्राम माझ्याच अक्षरात होता. त्यात चिन्ह आलं की दोन ओळी होत्या. पहिली: स्टॅकमधून काढ आणि त्याला दुसरी संख्या म्हण. दुसरी: स्टॅकमधून काढ आणि त्याला पहिली संख्या म्हण. मग पहिली वजा दुसरी.

मी ते तीन वेळा वाचलं. जी आधी निघते ती दुसरी.

तरी माझं मन म्हणत होतं की फाइलमध्ये चूक असेल, उतरवताना माझ्याकडून उलटसुलट झालं असेल. म्हणून मी उलट्या बाजूने गेले. आधीच्या धड्यात साध्या पदावलीची पोस्टफिक्स करायला शिकवलं होतं आणि ते मला येत होतं. नऊ वजा तीन. त्याची पोस्टफिक्स काय? नऊ तीन वजा. संख्यांचा क्रम तोच राहतो, फक्त चिन्ह मागे जातं. मग नऊ तीन वजा सोडवलं की परत नऊ वजा तीनच यायला हवं. सहाच यायला हवेत. तीन नंतर आला म्हणून तो वर बसला, वर बसला म्हणून आधी निघाला. पण पदावलीत तो नऊच्या उजवीकडेच होता.

मग माझं सत्तेचाळीस कसं आलं?

मी पूर्ण पदावली साधी करून लिहिली. कंसात नऊ वजा तीन, गुणिले कंसात आठ वजा एक, अधिक पाच. सहा गुणिले सात बेचाळीस, आणि पाच. माझ्या तक्त्यात उणे सहा गुणिले उणे सात. दोन्ही ठिकाणी मी उलटं केलं होतं आणि दोन उणे एकमेकांत भिडून नाहीसे झाले होते. वजा एकच असतं तर मी तिथेच उघडी पडले असते.

आणि ती? फुली मारण्याआधी थांबले तेव्हा मी तिचा तक्ता खालपर्यंत बघितला होता, तो मला आठवत होता. तिची तिसरी ओळ बरोबर होती. चौथी, पाचवी, सहावीही. तिने सातव्या ओळीत सहा गुणिले सात अठ्ठेचाळीस लिहिले होते. पाढा चुकला होता, बस. नऊपैकी सहा. सहा आणि चार दहा. ती पास होती.

मी आईच्या फोनवरून तिच्या घरी फोन लावला. तिच्या आईने उचलला. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाली, “कॉलेजात काय झालं गं? आली तशी पडून आहे. जेवली नाही, कोणाशी बोलत नाही.”

“तिला फोन देता का काकू? जरा काम होतं.”

त्या आत गेल्या. मला दोघींचा आवाज ऐकू आला, शब्द नाही. मग काकू परत आल्या. “नाही म्हणते. उद्या कॉलेजातही येणार नाही म्हणते. तूच सांग ना मला काय आहे ते?”

मला सांगता आलं असतं. मी म्हणाले, “काही नाही काकू. उद्या करते फोन.”

फोन ठेवला तेव्हा बाबा बाजूलाच होते, ड्युटीवरून येऊन पाय धूत होते. त्यांना काय सांगायचं, स्टॅक काय आणि पोस्टफिक्स काय. पण ते म्हणाले, “काहून येरझारा घालून राहिली?” म्हणून मी एवढंच सांगितलं की मी एकीची कॉपी चुकीची तपासली आणि ती नापास झाली.

“सही तुझी आहे का तिच्यावर?”

“हो.”

“मग तुलेच जा लागंन,” बाबा म्हणाले आणि टॉवेल शोधायला लागले.

त्यांना हे माहीत नव्हतं की माझी कॉपीही तशीच चुकलेली आहे. मी सांगितलं नाही. आई अजून शेजारच्या बाईंना चौदा सांगत होती.

दुसऱ्या दिवशी मी नऊला कॉलेजात होते. सर नव्हते. लॅब सांभाळणारे भैया म्हणाले, सर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये प्रॅक्टिकलला आहेत, अकरापर्यंत येतील. मी लॅबच्या बाहेर उभी राहिले, मग पायऱ्यांवर बसले, मग परत उभी राहिले. मनात नुसता हिशेब चालू होता: माझे पाच आणि दोन, सात. सात म्हणजे नापास. माझी पहिली टेस्ट निघालेली आहे, तिसरी काढली की झालं. पण तिसरी काढली तर. सरळ तिच्या कॉपीचंच बोलावं, माझ्या कॉपीचा विषयच काढू नये, असं मी पायऱ्यांवर बसून पक्कं ठरवलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण ठरवलं होतं.

सर साडेअकराला आले. हातात कॉप्यांचा गठ्ठा आणि यादी. माझ्याआधी दोन मुलं होती, त्यांचं अर्ध्या मार्काचं भांडण चाललं होतं. ते आटपेपर्यंत भिंतीवरच्या घड्याळात बाराला वीस मिनिटं उरली.

“हं, बोल.”

“सर, मी जी कॉपी तपासली ना, त्यात माझ्याकडून चूक झाली. तिचे मार्क वाढतात.”

“ती कुठे आहे?”

“आली नाही सर.”

“मग नाही,” सर म्हणाले. “ज्याची कॉपी, त्यानेच यायचं. मी एकासाठी नियम सोडला तर आत्ता इथे तीस मैत्रिणी आणि तीस मित्र उभे राहतील. प्रत्येकजण म्हणेल, मी तपासताना चुकलो, वाढवा.”

त्या दोन मुलांतला एक अजून दाराशी होता. तो हसला. “सर, मेरे भी चेकर को बुला लूँ क्या?”

“तू जा बाहेर,” सर त्याला म्हणाले.

मी तशीच उभी. सर यादीवर सही करायला लागले. पेन हलताना दिसत होतं.

“सर, मग माझ्या कॉपीबद्दल.”

“तुझा रोल नंबर?”

मी सांगितला. त्यांनी यादीत बोट फिरवलं. “चौदा आहेत. कुठे कमी मिळाले?”

“कमी नाही सर. जास्त आहेत.”

सरांनी चष्म्यावरून बघितलं. गठ्ठ्यातून माझी कॉपी काढली, शेवटचं पान उघडलं. “सत्तेचाळीस आहे की.”

“सत्तेचाळीस आहे, पण वरच्या ओळी बघा सर.”

त्यांनी बघितलं. एका ओळीवर बोट ठेवलं. “हे काय, उणे सहा?”

“मी उलटं केलं सर. तीन आधी निघाला म्हणून मी तीन वजा नऊ केलं. खरं तर तीन नंतर ठेवला होता, म्हणून तो उजवीकडचा. नऊ वजा तीन पाहिजे.”

“आणि खाली?”

“खाली पण एक वजा आठ. उणे सात. मग गुणाकारात दोन्ही उणे गेले.”

त्यांनी एका कोऱ्या कागदावर ती पदावली लिहिली, दोन्ही पद्धतींनी सोडवली, आणि दोन्हींच्या खाली सत्तेचाळीस लिहिले. मग कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं: ८ २ ÷.

“याचं सांग.”

“चार, सर.”

“आणि तुझ्या कालच्या पद्धतीने?”

“दोनला आठने. पाव.”

“हा प्रश्न मी काल द्यायला हवा होता,” सर म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते.

मग त्यांनी लाल पेन घेतलं. आतून कुठेतरी मला वाटत होतं की ते म्हणतील, राहू दे, तू स्वतः सांगितलंस, एवढं पुरे. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी नऊ खोडले. पहिली ओळ, बरोबरची खूण. दुसरी ओळ, बरोबरची खूण. तिसऱ्या ओळीवर फुली, आणि तिथेच थांबले. नऊच्या जागी दोन. चौदाच्या जागी सात. यादीतही. मी ते सगळं उभ्याने बघितलं.

कॉपी मिटता मिटता त्यांचा हात थांबला. “तू हीच पद्धत वापरून दुसऱ्याची कॉपी तपासलीस ना?”

“हो सर.”

“मग ती चेकिंगच बाद. ज्याला स्वतःला येत नव्हतं त्याचं तपासलेलं मी कसं धरू? हा काही तिचा अर्ज नाही. हे मला बघायलाच लागणार.”

त्यांनी गठ्ठ्यात कॉपी शोधली. ती सापडायला वेळ लागला, दोन कॉप्या चिकटल्या होत्या. बाराला आठ मिनिटं होती. सरांनी मला बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, “आता तू वाच, मी बघतो. एक एक.”

मी तिचा तक्ता वाचायला लागले. नऊ आला, ठेवला: नऊ. तीन आला, ठेवला: नऊ, तीन. वजा आलं, तीन काढला, नऊ काढला, नऊ वजा तीन: सहा. आठ आला: सहा, आठ. एक आला: सहा, आठ, एक. वजा आलं, एक काढला, आठ काढला, आठ वजा एक: सहा, सात. प्रत्येक ओळीला सर खूण करत गेले. सहा खुणा झाल्या. सातव्या ओळीत गुणाकार. सात काढला, सहा काढला.

“सहा गुणिले सात?” सरांनी विचारलं.

“तिने अठ्ठेचाळीस लिहिलेत.”

“मग इथे थांब.”

मी म्हणाले, “सर, पुढच्या दोन ओळी तिने बरोबर केल्यात. अठ्ठेचाळीसवर पाच ठेवले, मग त्रेपन्न. पद्धत बरोबर आहे.”

“पहिली चूक आली की थांबायचं. तुझ्यासाठी थांबलो, तिच्यासाठीही थांबतो.” त्यांनी सहा लिहिले. सहा आणि चार. यादीत तिच्या नावापुढचा सहा खोडून दहा केले, बाजूला आपली छोटी सही केली. मग माझ्याकडे न बघता गठ्ठ्यातल्या इतर कॉप्या भराभर उलटायला लागले. एका कॉपीत उणे सहा दिसला, ते थांबले. आणखी एका कॉपीत. “जा तू,” म्हणाले. “बाकीचं मी बघतो.” ऑफिसचा माणूस यादी न्यायला दारात येऊन उभा होता. सरांनी त्याला हाताने थांबवलं.

मी बाहेर येऊन, सकाळी मागून आणलेल्या आईच्या फोनवरून, तिच्या घरी फोन लावला. काकूंना सांगितलं, तिला म्हणावं मार्कांचं आहे, फक्त एवढंच म्हणावं. बऱ्याच वेळाने ती आली.

“क्या है?”

“तू पास आहेस. दहा आहेत तुझे.”

पलीकडून दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “मजाक मत कर.”

“मी चुकीचं तपासलं होतं. तुझ्या पहिल्या सहा ओळी बरोबर होत्या. मी उलटी पद्धत वापरत होते. सरांनी परत तपासली, यादीत चढवले.”

“काल मी तुला विचारलं होतं,” ती म्हणाली. मराठीत, अख्खं वाक्य मराठीत. “नीट पाहिलं ना, असं विचारलं होतं.”

“हो.”

“तू हो म्हणाली.”

“हो.”

मला बसचा हॉर्न, कॉलेजच्या गेटवरची गर्दी, सगळं मोठ्याने ऐकू येत होतं. मला वाटलं ती फोन ठेवेल. ठेवायला हवा होता, असंही वाटलं.

“मी काल रात्री पप्पांना सांगून दिलं की साल गेलं,” ती म्हणाली. “ते म्हणाले, मग कशाला जातेस, इतक्या दूर. आज सकाळी मी बसचा पास आईला देऊन टाकला. आता परत जाऊन मागू? काय सांगू, की माझ्या मैत्रिणीला वजाबाकी येत नाही?”

“तसंच सांग,” मी म्हणाले.

तिला हसू आलं असावं, कारण श्वास सोडल्यासारखा आवाज आला. पण हसली नाही. “आणि तुझे? चौदाच ना?”

“सात.”

“काय?”

“माझं उत्तर बरोबर होतं, पण ओळी चुकल्या होत्या. सरांना दाखवल्या.”

“पागल आहेस तू,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “घरी सांगितलं?”

“नाही अजून.”

“आता तू सांगशील ना, तेव्हा तुलाही कळेल.” हे तिने रागाने म्हटलं की काळजीने, ते मला तेव्हाही कळलं नाही. मग ती म्हणाली, “मेरा गलत कहाँ हुआ था?”

“सातवी ओळ. सहा सत्ते अठ्ठेचाळीस.”

“छे.”

“लिहिलंय तू.”

“छह सत्ते बयालीस,” ती पुटपुटली, आणि पाढा पुढे म्हणत गेली, छह अट्ठे अड़तालीस, आणि थांबली. “हां. एक घर आगे चली गई.”

सोमवारी यादी लागली तेव्हा आणखी चार जणांचे मार्क कमी झालेले दिसले. त्यातला एक माझ्या मागच्या बाकावरचा होता, ज्याने माझ्या सत्तेचाळीसला गोल काढला होता. त्याचंही सत्तेचाळीस होतं. सरांनी कुणाचं नाव घेतलं नाही, वर्गात फक्त फळ्यावर ८ २ ÷ लिहून सगळ्यांना सोडवायला लावलं. पण हे कुणामुळे झालं ते दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, “आ गई इमानदार दीदी.” मी मान वर केली नाही. त्या चौघांतलं कुणी नापास झालं का, ते मी यादीत शोधलं. कुणी झालं नव्हतं. झालं असतं तर मी काय केलं असतं, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे.

मैत्रीण त्या दिवशी आली होती. बसचा पास तिच्या गळ्यात होता. ती पुढच्या बाकावर बसली नाही, माझ्या बाजूला येऊन बसली. तिने माझी वही ओढून घेतली, एक लांब पोस्टफिक्स लिहिली, तीन वजा आणि दोन भागाकार टाकून, आणि वही माझ्याकडे सरकवली.

“कर,” म्हणाली. “और मैं चेक करूँगी.”

मी पेन घेतलं. पहिलं वजा येईपर्यंत सरळ होतं. तिथे माझा हात थांबला, आणि ती माझ्या पेनच्या टोकाकडे बघत राहिली.